नववीच्या वर्गात कथेसाठी भूमिका वाटून वाचनमंडळ घेतलं: कागद भरले, पण बोलणं झालंच नाही

मृण्मयी_गंगापूररोड

नमस्कार. मी नाशिकमध्ये एका अनुदानित शाळेत नववीला मराठी शिकवते. कुमारभारती, म्हणजे प्रथम भाषा. वर्गात ४८ मुलं आणि तास ३५ मिनिटांचा. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाचनमंडळं करून बघितली. एकच कथा, पाच-पाच जणांचे गट आणि प्रत्येकाला एक भूमिका: प्रश्नकर्ता, सारांशकार, शब्दशोधक, दुवा जोडणारा आणि उतारा निवडणारा. तीन मुलं उरली, ती तीन गटांत सहावी म्हणून घातली. प्रत्येक भूमिकेचा एक छापील कागद होता, तो घरून भरून आणायचा.

कथा माझ्या निफाडकडच्या मैत्रिणीने वर्गासाठी लिहून दिली आहे. चार पानं, साधारण ११०० शब्द. थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सातवीतला मुलगा गोष्ट सांगतो. वडिलांनी द्राक्षं दिली आहेत, व्यापारी पंधरा दिवसांनी पैसे देणार आहे. आत्ता फक्त वजन आणि भाव लिहिलेली चिठ्ठी मिळाली आहे. सकाळी मुलगा वडिलांच्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घालतो. आत चिठ्ठी आणि दहाची एक नोट. तो नोट घेतो, चिठ्ठी परत ठेवतो. थोड्या वेळाने आई तोच शर्ट धुवायला घेते. मुलाला दिसतंय, पण सांगायचं तर खिशात हात का घातला हेही सांगावं लागणार, म्हणून तो गप्प बसतो. दुपारी वडील येतात, दोरीवरच्या शर्टाचा खिसा चाचपतात, जरा वेळ तिथेच उभे राहतात आणि आईला म्हणतात, "शर्ट चांगला निघाला. डाग गेले." मग जेवायला बसतात. संपली.

मला वाटलं होतं की या शेवटावर मुलं तुटून पडतील. झालं असं की प्रश्नकर्त्याने आपले प्रश्न वाचले, बाकीच्यांनी उत्तरं दिली, सारांशकाराने सारांश वाचला, शब्दशोधकाने शब्द वाचले. सात मिनिटांत पहिला गट म्हणाला, "झालं बाई." बाराव्या मिनिटाला सगळेच गट मोकळे. कागद मात्र सुंदर भरलेले, समास आखून, शीर्षकाखाली दोन रेघा. मी ते जपून ठेवलेत. प्रश्न असे: "वडिलांचा व्यवसाय कोणता?" "आईने काय धुतले?" शब्द: "खुंटी – कपडे अडकवण्याची वस्तू." दुवा: "माझे वडीलही कष्ट करतात."

माझं काय चुकलं? भूमिका चुकल्या, कथा चुकली, की वर्गच एवढा मोठा आहे की हे होणारच नाही?

देवळालीचा_वाचक

मृण्मयीताई, तुमचा उपक्रम वाचून आनंद झाला. आमच्याकडेही दर शनिवारी संध्याकाळी वाचन कट्टा असतो, आम्ही अकरा-बारा ज्येष्ठ नागरिक आहोत. आमच्यात भूमिका वगैरे नसतात. एक जण कथा मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, मग चहा. माझा अनुभव असा की चांगला वाचणारा असला तर चर्चा आपोआप होते. आमच्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर संवाद असे वाचतात की पुढचा अर्धा तास त्या एका संवादावर जातो. तुमच्या मुलांकडून आधी खणखणीत प्रकट वाचन करून घ्या. हल्ली तेच राहिलं आहे.

सरळ_मुद्दा

भूमिकाच काढून टाका. मी बीएडला असताना यावर वाचलं होतं. ही पद्धत ज्यांनी लोकप्रिय केली ते शिकागोकडचे हार्वी डॅनियल्स, त्यांनीच नंतर हे भूमिकेचे कागद नाकारले. ज्याने औषध काढलं तोच घेऊ नका म्हणतोय. मुलांना कथा द्या, गोल करून बसवा आणि बोला म्हणा.

मृण्मयी_गंगापूररोड

@सरळ_मुद्दा, ते मी मागच्या वर्षी केलं होतं. गोल करून बसवलं आणि बोला म्हटलं. प्रत्येक गटात दोन मुलं बोलली आणि तीन जणांनी बाकावर पेनाने नक्षी काढली. म्हणून तर भूमिका आणल्या.

खडू_आणि_ओला_फडका

मृण्मयीताई, मी अठ्ठावीस वर्षं माध्यमिकला मराठी शिकवलं आणि आता जिल्ह्यातल्या शिक्षकांबरोबर याच विषयावर काम करते. तुमचा धागा वाचून हात लिहायला शिवशिवले, त्यामुळे जरा लांबेल.

आधी डॅनियल्सची गोष्ट नीट सांगते. त्यांचं पुस्तक १९९४ चं, त्यात हे भूमिकांचे कागद होते. शिक्षकांनी ते उचलले आणि वर्षानुवर्षं तेच भरून घेत राहिले. २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी स्पष्ट लिहिलं की कागद हा सुरुवातीचा आधार होता, मुलं बोलायला लागली की काढून घ्यायचा होता, आणि तो कायमचा झाला की बोलणं यांत्रिक होतं. म्हणजे त्यांनी भूमिका नाकारल्या नाहीत, त्यांचा मुक्काम वाढवायला नकार दिला. सरळ_मुद्दा यांचं निदान बरोबर आहे, पण उपाय एक पायरी गाळून सांगितला आहे. पहिल्याच दिवशी आधार काढला तर काय होतं ते ताईंनी वर सांगितलंच.

आता तुमचे पाच कागद. या भूमिकांची यादी आपल्याकडे बहुतेक वेळा इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवणाऱ्या वर्गांतून येते. त्या वर्गात सारांशकार लागतो, कारण अर्ध्या मुलांना गोष्ट नक्की काय घडली हेच कळलेलं नसतं. शब्दशोधक लागतो, कारण शब्द खरोखर अडतात. तुमच्या वर्गात चार पानांची मराठी कथा सगळ्यांनी वाचली आहे आणि सगळ्यांना कळली आहे. मग सारांशकार जे वाचतो ते ऐकायची कुणालाच गरज नसते. मुलांना हे बरोबर कळतं, म्हणून ती ऐकतही नाहीत. पहिल्या भाषेच्या वर्गात सारांशकाराला मी सरळ सुट्टी देते. त्याच्या जागी एक 'मौनाचा राखणदार' ठेवते. त्याचं काम असं की कथेत जे सांगितलेलं नाही ते टिपायचं. कोण गप्प बसलं, लेखिकेने कुठे तोंड बंद ठेवलं. तुमच्या कथेत तर हा माणूस सगळ्यात श्रीमंत होईल.

प्रश्नकर्त्यासाठी मी एकच चाळणी देते. पाच प्रश्न लिहायचे. मग प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पानावर बोट ठेवून दाखवता येतं का ते बघायचं. येत असेल तर प्रश्न खोडायचा. वडिलांचा व्यवसाय, आईने काय धुतलं, सगळे खोडले जातात. पण तेवढ्यावर थांबलं तर मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि "वडिलांनी पुढे काय केलं असेल?" असं विचारतात. त्यावर कुणीही काहीही बोलू शकतं, कथेकडे बघायची गरजच उरत नाही. म्हणून दुसरी चाळणी: उत्तर देताना पानाकडे परत जावं लागतं का? "वडिलांना कळलं का?" हा प्रश्न दोन्ही चाळण्यांतून पार होतो. उत्तर बोटाने दाखवता येत नाही, पण पानाशिवाय देताही येत नाही.

आणि सगळ्यात मोठी चूक भूमिकांत नाही, क्रमात आहे. पाच जणांनी पाळीपाळीने कागद वाचले, तर ती पाच छोटी भाषणं होतात. क्रम मोडा. उतारा निवडणाऱ्यापासून सुरू करा. त्याने उतारा मोठ्याने वाचायचा, पण का निवडला ते सांगायचं नाही. बाकीच्या चौघांनी आधी अंदाज करायचा किंवा स्वतःला काय वाटलं ते बोलायचं. निवडणारा सगळ्यात शेवटी बोलतो. एवढ्या एका बदलाने मुलांना एकमेकांचं ऐकावं लागतं, कारण शेवटी बोलणाऱ्याला आधीच्यांना उत्तर द्यायचं असतं. त्यातून जिथे शब्दाचं काही निघेल तिथे शब्दवाल्याने शिरायचं, जिथे आपल्या घरचं काही आठवेल तिथे दुव्यावाल्याने. आणि दहाव्या मिनिटाला कागद उलटे करायचे. पुढे फक्त कथा समोर.

@देवळालीचा_वाचक काकांनी सांगितलेलं वेगळ्या वाचन कट्ट्याचं आहे, पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. उतारा वाचणाऱ्याने "डाग गेले" हे दोन शब्द दोन-तीन तऱ्हांनी वाचून बघावेत. मुलांना आवाजात जे ऐकू येतं ते लिहिताना सुचत नाही.

मृण्मयी_गंगापूररोड

ताई, किती नेमकं! बोट ठेवायची चाळणी मी उद्याच वापरते. पण शब्दशोधकाचं काय करू? कथेत अवघड शब्द नाहीतच. मुलं मग 'खुंटी' आणि 'चाचपणे' यांचे अर्थ लिहितात. एका मुलाने 'चिठ्ठी' लिहिलं होतं.

दुसरं, आमच्या वर्गात नऊ गट एका वेळी बोलायला लागले की शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

खडू_आणि_ओला_फडका

शब्दाची भूमिका पहिल्या भाषेत पूर्ण उलटी करायची. अडणारा शब्द शोधायचा नाही. सगळ्यांना येणारा, पण इथे काहीतरी काम करणारा शब्द शोधायचा. आणि काम करतो की नाही हे बघायचं अदलाबदलीने. शब्द काढा, जवळचा दुसरा घाला, वाक्य परत वाचा. काय हललं?

तुमच्याच वाक्यावर करून दाखवते. "शर्ट चांगला निघाला." त्याऐवजी "शर्ट चांगला धुतला" म्हणा. धुतला म्हटलं की धुणारं माणूस समोर येतं, म्हणजे आई. 'निघाला'त आई दिसत नाही, शर्ट आपला आपणच निघाला. बायकोने चिठ्ठी धुऊन टाकली आहे आणि हा माणूस वाक्यातून तिला बाहेर ठेवतोय. हे पंधरा वर्षांच्या मुलाला दिसतं, फक्त त्याला शब्द बदलून बघ असं कुणीतरी सांगावं लागतं. शब्दकोश देऊ नका. शब्दकोश हातात आला की मुलं परत अर्थ उतरवायला लागतात.

आवाजाबद्दल: बाक हलवू नका. पुढच्या बाकावरच्या मुलांनी मागे तोंड करून बसायचं, दोन बाकांत पाच-सहा जण मावतात आणि डोकी जवळ येतात. डोकी जवळ आली की आवाज आपोआप खाली येतो. दोन गट व्हरांड्यात बसवा. आणि मूळ चर्चेआधी दहा मिनिटं एकाच भूमिकेची मुलं एकत्र बसवा, सगळे प्रश्नवाले एका कोपऱ्यात, सगळे शब्दवाले दुसऱ्या कोपऱ्यात. ज्याचे सगळे प्रश्न चाळणीत खोडले गेले त्याला तिथे एक तरी प्रश्न मिळतो आणि तो रिकाम्या हाताने गटात जात नाही. या दहा मिनिटांनी माझ्या वर्गात जितका फरक पडला, तितका छापील कागदाने कधी पडला नाही.

सुरगाण्याची_वाट

मी सुरगाणा तालुक्यात शिकवतो. आठवी-नववी मिळून १७ मुलं, त्यामुळे गोंगाटाचा प्रश्न नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. खडूताई म्हणतात की पहिल्या भाषेत शब्द सगळ्यांना येतात. कागदोपत्री माझ्या मुलांचीही प्रथम भाषा मराठीच आहे. पण घरी ती कोकणा बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना कळते, पण 'निघाला' आणि 'धुतला' यातला जो फरक ताईंनी दाखवला तो त्यांच्या कानाला लागेल का, मला शंका आहे. तो कानाचा फरक आहे आणि कान घरी तयार होतो.

मी एकदा सारांशकार ठेवून बघितला, वेगळ्या तऱ्हेने. त्याने कथा स्वतःच्या घरच्या बोलीत सांगायची. पहिल्यांदा मुलं लाजली. नंतर एक मुलगी सांगायला लागली आणि मध्येच थांबून म्हणाली, "सर, आमच्यात असं म्हणत नाहीत, वडील असं बोलणारच नाहीत." त्यावर वीस मिनिटं गेली. म्हणून माझं म्हणणं, सारांशकाराला सगळीकडे सुट्टी देऊ नका.

खडू_आणि_ओला_फडका

सर, तुम्ही माझं बोलणं दुरुस्त केलंत आणि ते मला मान्य आहे. मी शहरी वर्ग डोळ्यांसमोर ठेवून बोलले. बोलीत सांगणारा सारांशकार हा मुळात सारांशकार उरत नाही, तो दोन भाषांच्या मध्ये उभा राहतो आणि तिथे बोलण्यासारखं पुष्कळ असतं. शब्दाच्या अदलाबदलीचं तुमच्या वर्गात काय होईल ते मला सांगता येणार नाही. तुम्ही करून बघितलंत तर इथे जरूर लिहा.

इंदिरानगर_पालक

माझा मुलगा दहावीत आहे. विचारायचं होतं की याला गुण कसे देता? कृतिपत्रिकेत कथेवर जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं बोट ठेवूनच दाखवता येतात. मुलं बोट ठेवायचे प्रश्न खोडायला शिकली तर परीक्षेत काय करणार?

मृण्मयी_गंगापूररोड

@इंदिरानगर_पालक, तुमची काळजी रास्त आहे. पण कृतिपत्रिकेत आकलनाच्या कृतींखाली स्वमत असतं, आणि मुलं गुण घालवतात ते तिथे. आकलनाच्या कृती त्यांना जमतात. स्वमतात मात्र पानावरचं काही न घेता चार सुविचार लिहून येतात. मी हे करते आहे ते तेवढ्यासाठीच नाही, पण उपयोग तिथेही व्हावा.

गुण द्यायचे की नाही हे मात्र माझंही ठरलेलं नाही. गेल्या वेळी कागदाला अंतर्गत गुण दिले, म्हणूनच बहुधा दोन-दोन रेघा ओढलेले कागद आले.

सरळ_मुद्दा

गुण कागदाला नका देऊ, बोलण्याला द्या. किती वेळा बोलला ते मोजा.

खडू_आणि_ओला_फडका

मोजलंत तर मुलं मोजणीसाठी बोलतील. मी दहा वेळा बोललो, लिहा. हे मी बघितलं आहे.

गुणांसाठी नाही, पण स्वतःला कळावं म्हणून मी एक करते. एका गटाजवळ उभं राहून कागदावर पाच टिंबं गोलात काढायची, प्रत्येक मुलाचं एक. कुणानंतर कोण बोललं त्याची रेघ ओढत जायची. पाच मिनिटांनी बघायचं. रेघा घड्याळाच्या काट्यासारख्या गोल फिरल्या असतील तर मुलं कागद वाचताहेत. एकाच टिंबाकडून सगळीकडे जाऊन परत त्याच्याकडे येत असतील तर प्रश्नवाला छोटा मास्तर झाला आहे. रेघा मधून आडव्यातिडव्या जायला लागल्या की बोलणं सुरू झालं. ऐकावं लागत नाही, लांबूनही कळतं. प्रत्येक तासाला दोनच गट घ्या, नऊ गटांच्या मागे धावू नका.

मृण्मयी_गंगापूररोड (आठ दिवसांनी)

करून बघितलं. सगळं सांगते, कारण थोडं जमलं आणि थोडं नाही.

कथा तीच ठेवली. मुलं आधी म्हणाली, "बाई, ही तर झाली की!" मी सांगितलं की या वेळी भूमिका बदलायच्या आहेत. मोठी कादंबरी असती तर दर बैठकीला भूमिका फिरल्या असत्या. कथा एका बैठकीत संपते, म्हणून तीच दुसऱ्यांदा वाचायला दिली. पहिल्या तासाला आठ-दहा मिनिटं वर्गातच मूक वाचन. त्यामुळे घरी न वाचून आलेल्यांचा प्रश्नही मिटला. मग पेन्सिलीने खुणा. दुसऱ्या तासाला दहा मिनिटं एकाच भूमिकेची मुलं एकत्र, आणि उरलेला वेळ गट. छापील कागद नव्हते, अर्ध्या पानाची कोरी चिठ्ठी दिली. समास आखायला जागाच ठेवली नाही.

एका गटाजवळ मी टिंबं काढत उभी होते. त्यातला जेवढा भाग उतरवता आला तो देते. नावं देत नाही.

उतारा निवडणाऱ्या मुलाने शेवटचा परिच्छेद वाचला. "डाग गेले" हे त्याने आधी मोठ्याने आणि खुशीत वाचलं, मग हळू. दुसऱ्या वेळी सगळे गप्प झाले.

प्रश्नवाली म्हणाली, "कळलं असेल का त्यांना?" एक जण म्हणाला, "नाही कळलं, शर्ट चांगला निघाला म्हणताहेत, रागावले असते नाहीतर." शब्दवाली मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तिने पान तीनवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पण डाग गेलेच नाहीयेत." सगळ्यांनी पान उघडलं. तिथे वाक्य आहे, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावर मोरचुदाचे निळे डाग उन्हात अजूनच उठून दिसत होते. तिने 'उठून' या शब्दाखाली रेघ मारली होती. तिने 'फिके' घालून बघितलं होतं, म्हणाली, "फिके असते तर खरं बोलले असते."

खरं सांगते, मी ही कथा कितीतरी वेळा वाचली आहे. मला ते दिसलं नव्हतं. डाग आहेत आणि वडील म्हणतात गेले. मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती हसली, म्हणाली, "मिळालं का कुणाला तरी!"

पुढचं त्याहून भारी. दुव्यावाला मुलगा पिंपळगावच्या बाजूचा, घरी बाग आहे. तो म्हणाला, "आमच्याकडे पण खिशात पैसे धुतले गेलेत. नोट टिकते, वाळवली की चालते. चिठ्ठीचा लगदा होतो." मग कुणीतरी म्हणालं, "मग खिशात नोट पाहिजे होती ना?" आणि सगळे थांबले. नोट मुलाने आधीच काढली आहे. वडिलांनी खिसा चाचपला तेव्हा हाताला फक्त लगदा लागला असणार, नोट नाही. म्हणजे आईने शर्ट धुवायच्या आधी कुणीतरी खिशात हात घातला होता हे त्यांना कळलं असणार. राखणदाराने त्यावर विचारलं, "मग 'डाग गेले' ते आईला म्हणाले की पोराला ऐकू जावं म्हणून?" कथेत मुलगा तेव्हा दारातच उभा आहे. उत्तर लिहिलेलं नाही. घंटा झाली तरी गट उठला नाही. माझ्या कागदावर रेघांचं जाळं झालं होतं, कुठून कुठे गेली ते आता मलाही उलगडत नाही.

आता न जमलेलं. नऊपैकी तीन गटांत बोलणं पुन्हा रंगलंच नाही. एका गटात उतारा निवडणाऱ्याने आपलं कारण आधीच सांगून टाकलं, मग बाकीचे "हो, बरोबर" म्हणून मोकळे झाले. एका गटात प्रश्नवाला हुशार म्हणून ओळखला जातो. सगळे त्याच्याकडेच बघत होते आणि तो उत्तरांना "चूक", "बरोबर" म्हणत होता. तिसऱ्या गटाचं काय बिनसलं ते मला कळलंच नाही, मी तिथे पोचलेच नाही.

देवळालीचा_वाचक

मुलीने 'उठून' पकडला! तुम्ही थोडक्यात सांगितलेली कथा मी दोन वेळा मनात घोळवली, पण डाग खरंच गेले का अशी शंकाही मला आली नव्हती. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

खडू_आणि_ओला_फडका

ताई, हे वाचताना अंगावर काटा आला. मुलीला तो शब्द दिसला, कारण तिला अडणारा शब्द शोधायला सांगितलं नव्हतं.

"चूक-बरोबर" म्हणणाऱ्या मुलाला पुढच्या वेळी प्रश्नवाला करू नका, राखणदार करा. ज्याला उत्तरं माहीत असतात त्याला न सांगितलेलं शोधायला लावलं की त्याचाही आवाज जरा खाली येतो. आपलं कारण आधीच सांगून टाकणाऱ्याला मी ते चिठ्ठीवर लिहून, घडी घालून मांडीखाली ठेवायला लावते. अगदी बालवाडीचं वाटतं, पण नववीतही चालतं.

सरळ_मुद्दा

मान्य, भूमिका लगेच काढायला नकोत. पण माझा एक प्रश्न उरतो. ही कथा दोन वेळा वाचल्यावर हे निघालं. मग कथा मुळातच अर्धी वाचायला देऊन, शर्ट दोरीवर वाळत घातलाय तिथे थांबवली असती तर? पुढे काय होईल यावर पहिलीच चर्चा रंगली असती आणि दोन तास वाचले असते.

खडू_आणि_ओला_फडका

रंगली असती, पण कशावर? चिठ्ठीचं काय होणार यावर. निळे डाग कुणालाच दिसले नसते, कारण शेवट माहीत असल्याशिवाय त्या डागांना अर्थच नाही. लघुकथेचा शेवट मागे वळून सगळं उजळतो, म्हणून ती मला पूर्ण हातात द्यावीशी वाटते. लांब कथा असेल, पंधरा-वीस पानांची, तर थांबवून वाचायला माझीही हरकत नाही.

सरळ_मुद्दा

मला अजून पटलेलं नाही. मी माझ्या वर्गात अर्धी देऊन बघतो.

सुरगाण्याची_वाट

मृण्मयीताई, ही कथा मला मिळेल का? माझ्याकडे द्राक्षं नाहीत, भात आणि नाचणी आहे, पण दुकानदाराची चिठ्ठी सगळ्यांच्या घरात आहे. सारांशकाराला बोलीत सांगायला लावतो आणि 'डाग गेले' हे कोकणा बोलीत कसं म्हणतील ते मुलांना विचारतो. 'उठून'चं काय होतं तेही बघतो.

मृण्मयी_गंगापूररोड

सर, मैत्रिणीला विचारलं, ती हो म्हणाली. तिची एकच अट आहे: मुलांनी कोकणा बोलीत सांगितलेली कथा तिला ऐकायची आहे, शक्य असेल तर आवाज टिपून पाठवा. मी आजच तुम्हाला मेसेज करते.

माझे ते तीन गट मंगळवारी पुन्हा बसवणार आहे, या वेळी नवी कथा घेऊन. आधी त्या तिसऱ्या गटाजवळ जाऊन उभी राहते.